अळंबी बोलते, मोड बोलत नाहीत

मामेबहिणीला सातवा महिना लागला होता. घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत मश्रूमची एक डबी आणि मोड आलेल्या मुगाचं पाकीट होतं. पाकिटावर ‘रेडी टू ईट’ असं छापलेलं. “ताई, यात कांदा-टोमॅटो चिरून घालू, लिंबू पिळू, झालं! तारीख आजचीच आहे, वासही येत नाहीये.” मी मश्रूमची डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि ठीक आहे म्हणाले. मुगाचं पाकीट मात्र बाजूला ठेवलं. तिला वाटलं, मी उगाच शंका काढतेय.

मश्रूमचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. आपल्याकडे दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते पांढरं बटन मश्रूम, दोनशे ग्रॅमच्या डबीत, वर पातळ प्लास्टिक ताणलेलं. त्या प्लास्टिकला बारीक छिद्रं असायला हवीत. मश्रूम तोडल्यावरही जोरात श्वास घेत राहतं. हवा अगदी कोंडली आणि डबी उबेत राहिली, तर हवेशिवाय वाढणारे, विष तयार करणारे जंतू तिथे फोफावू शकतात. छिद्रं त्यासाठी असतात.

मग पाहायचं ते टोपीखाली. कोवळ्या मश्रूमच्या टोपीची कड देठाला एका पातळ पडद्याने जोडलेली असते. पडदा शाबूत असेल तर माल ताजा आहे. तो फाटला की आतल्या पट्ट्या दिसू लागतात, आधी गुलाबी, मग तपकिरी आणि शेवटी काळपट. उघडलेलं मश्रूम लगेच टाकायचं नसतं, ते फक्त वयाने मोठं झालेलं असतं आणि त्याची चव थोडी गडद लागते. टाकायचं ते बुळबुळीत झालेलं. बोट फिरवलं की चिकट साय लागते, वास मातीचा न राहता आंबट किंवा मासळीसारखा येतो. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत असतील, तर डबी एकदा उबेत राहून पुन्हा गार झालेली असू शकते. ती मी घेत नाही. टोपीवरच्या थोड्या तपकिरी डागाला घाबरू नका, दाबलं गेलं की कापलेल्या वांग्यासारखं ते काळवंडतंच. उलट चुन्याने सारवल्यासारखं एकसारखं पांढरंशुभ्र दिसलं, तर ते रसायनाच्या पाण्यात बुडवून उजळलेलं असू शकतं. घरी आल्यावर न धुता कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचं, तीन-चार दिवसांत संपवायचं आणि शिजवायच्या वेळी धुवायचं.

थोडक्यात, अळंबी स्वतःचं वय स्वतः सांगते. शिजवूनच खायची असल्याने उरलेली शंकाही कढईत संपते. मोठ्या हॉटेलांत सॅलडवर कच्च्या पातळ चकत्या पसरतात. मला त्यात फारशी चव कधी कळली नाही आणि कच्ची अळंबी पचायलाही जड जाते. हे सगळं अर्थात दुकानातल्या, लागवड केलेल्या मालाचं. पावसाळ्यात रस्त्याकडेला मिळणाऱ्या रानअळंबीला यातली एकही परीक्षा लावू नये.

मोडांचं तसं नाही. खराब झालेले मोड ओळखू येतात: टोकं तपकिरी पडतात, तळाशी पाणी साचतं, आंबूस वास येतो, पाकीट फुगतं. पण माणसाला आजारी पाडणारे जंतू मुगाला आजारी पाडत नाहीत. साल्मोनेला किंवा घातक जातीचा ई-कोलाय भरलेला असला, तरी मोड पांढरा, कुरकुरीत आणि बिनवासाचा राहतो.

याचा मोठा धडा 2011 साली जर्मनीत मिळाला. मे महिन्यात हॅम्बुर्गच्या आसपास माणसं रक्ती जुलाबांनी दवाखान्यात येऊ लागली. आठशेहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. आधी बोट स्पेनच्या काकड्यांकडे दाखवलं गेलं आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल फुकट गेला. खरा माल सापडायला वेळ लागला, कारण रुग्णांना मोड खाल्ल्याचं आठवतच नव्हतं. सॅलडवर भुरभुरलेले चार मोड कोण लक्षात ठेवतं? शेवटी तपास करणाऱ्यांनी हॉटेलांतल्या पाहुण्यांनी काय मागवलं आणि आचाऱ्यांनी त्या पदार्थांत काय काय घातलं, याचा मेळ घातला. तेव्हा माग लागला तो मोड तयार करणाऱ्या एका शेतीकेंद्रापर्यंत आणि तिथून इजिप्तहून आलेल्या बियाण्यापर्यंत. ते बियाणं होतं मेथीचं. जवळपास 3,800 माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली, आणि त्यांत धडधाकट प्रौढ, विशेषतः बायका, पुष्कळ होत्या.

त्याच जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्दोजवळ आणखी काही जण आजारी पडले. त्यांनी खाल्लेले मोड कारखान्यातले नव्हते. ते बियाणं आणून तिथेच उगवलेले होते आणि त्यातही मेथी होती. म्हणून ‘घरी आणलेले मोड सुरक्षित’ हा भरवसाही पुरता खरा नाही. जंतू बियांच्या सालीच्या भेगांत कोरडे पडून असतात, महिनोन् महिने. आपण भिजवतो, फडक्यात बांधतो, उबेला ठेवतो, आणि मोड येण्याच्या दोन-तीन दिवसांत मुगाबरोबर त्यांचीही पैदास होते. मोड धुतल्याने वरवरचे जातात, भेगांतले राहतात. फ्रीज त्यांना फार तर थोपवतो. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो.

गरोदर बाईला तोच सर्वांत महाग पडतो. तिला साधा ताप आल्यासारखं होतं, पण गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ दगावू शकतं. म्हणून कच्चे मोड गरोदर बायका, पाच वर्षांखालची मुलं आणि पासष्टीच्या पुढची माणसं यांनी खाऊ नयेत. किमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, स्टेरॉइड घेणारे, एचआयव्ही किंवा ताब्यात नसलेला मधुमेह असलेले यांनीही टाळावेत. बाकीच्यांनी खायचेच असतील तर निदान थंड कपाटातलं, आतून कोरडं, शेवटची तारीख दूर असलेलं पाकीट घ्यावं, घरापर्यंत गार न्यावं आणि उघडल्यावर एका दिवसात संपवावं. हातगाडीवर ओल्या फडक्याखाली रचलेली मटकी उसळीला चांगली, सॅलडला नाही. आणि ‘रेडी टू ईट’ हे शब्द पाकीट भरणाऱ्याचे आहेत. खाणाऱ्याच्या पोटात बाळ आहे की नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

आपल्याकडे ही भीती फार माजली नाही, कारण आपली रीत उसळीची, आणि वाफाळती उसळ हेच मोडांचं औषध. गाडबड होते ती कोशिंबिरीत आणि भेळेवर, जिथे कच्चा मूग वरून पडतो. नुसती वाफ दाखवून उतरवलेले अर्धकच्चे मोडही चालत नाहीत. उकळत्या पाण्यात टाकून पुन्हा उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं ठेवले आणि मधला दाणाही चटका बसेल इतका गरम झाला, की झालं. मऊ पडतात हे खरं, कुरकुर जाते.

बहिणीने नाक मुरडलं, पण पाकीट कुकरमध्ये गेलं. कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून उसळ केली, मश्रूम मिरीपूड घालून परतले. तिने दोन वाट्या उसळ खाल्ली आणि उरलेली डब्यात भरून नेली.