टीममधले सगळे हुशार, तरी प्रोजेक्ट शेवटच्या टप्प्यात का अडकतो?

"काम झालंय, फक्त फिनिशिंग बाकी आहे." हे वाक्य तुमच्या टीममध्ये दोन-दोन आठवडे ऐकू येत असेल, तर गडबड कोडपेक्षा टीमच्या रचनेत असू शकते.

ब्रिटिश संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी इंग्लंडमधल्या हेन्ली इथे मॅनेजमेंट गेम खेळणाऱ्या टीम्सचा अभ्यास केला. फक्त तल्लख लोकांना एकत्र करून बनवलेल्या टीम्स तिथे बऱ्याचदा मागे पडल्या. १९८१ च्या पुस्तकात त्यांनी टीममधल्या ८ भूमिका मांडल्या, नववी नंतर जोडली गेली. भूमिका म्हणजे पद नाही, तर माणूस टीममध्ये सहसा कसा वागतो ते.

त्यातल्या तीन पाहू. कोऑर्डिनेटर ध्येय स्पष्ट ठेवतो आणि कोणतं काम कोणाला जमेल हे ओळखून वाटून देतो. इम्प्लिमेंटर ठरलेल्या गोष्टीचा प्लॅन करून ती शिस्तीत बांधतो, पण मध्येच बदल आला की लवकर वळत नाही. कम्प्लिटर-फिनिशर राहिलेल्या चुका शोधतो आणि तारीख पाळतो. मात्र तो काळजी फार करतो, आणि काम दुसऱ्यावर सोपवणं त्याला जड जातं.

आता समजा, ५ जणांची टीम १० आठवड्यांत क्लिनिकसाठी अपॉइंटमेंट ॲप बनवतेय. एक कोऑर्डिनेटर, तीन इम्प्लिमेंटर आणि नवीन कल्पना काढणारा एक. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं सुरळीत. आठव्या आठवड्यात बोर्डवर बहुतेक तिकिटं 'डन' दिसतात, पण त्यातली बरीच पुन्हा उघडली जातात: नेट गेल्यावर बुकिंग दोनदा होतं, कॅन्सल केल्यावर मेसेज जात नाही. पुन्हा उघडणारी तिकिटं हीच फिनिशर नसल्याची खूण.

लगेच नवीन माणूस घ्यायची गरज नाही. बहुतेकांना दोन-तीन भूमिका जमतात, म्हणून पाचांतही बऱ्याच भूमिका भरून निघतात. तिघा इम्प्लिमेंटरपैकी ज्याच्या कोड रिव्ह्यूमध्ये बारीक चुका सापडतात, त्याला सातव्या आठवड्यापासून नवं फीचर देऊ नका. त्याचं काम एकच: प्रत्येक तिकीट नेट बंद करून, चुकीची तारीख टाकून तपासणं, आणि त्याने होकार दिल्याशिवाय ते 'डन' न होणं. कोऑर्डिनेटरने हे सगळ्यांसमोर सांगावं, नाहीतर ती नुसती कटकट वाटते.

वेळही महत्त्वाची. हाच माणूस पहिल्या आठवड्यात कच्च्या स्क्रीनमधल्या बटणांचं अंतर मोजत बसला, तर कल्पना पुढेच सरकणार नाही. आणि कोणाची भूमिका कोणती, हे फक्त त्यालाच विचारू नका. बेल्बिनच्या पद्धतीत सहकाऱ्यांची मतंही घेतात, कारण आपण स्वतःला दिसतो तसे इतरांना दिसतोच असं नाही.