नावाआड दडलेले पेनिसिलिन

समजा, साठीच्या एका बाईंची दाढ सुजली आहे. गाल फुगलेला, रात्रभर झोप नाही. दाताच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. घाईत अ‍ॅलर्जीचे विचारायचे राहिले आणि ठणक इतकी की सांगायचे बाईंच्याही लक्षात आले नाही. घरी कपाटातल्या जुन्या फाइलवर मात्र लाल शाईत ठळक लिहिलेले आहे: ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’. वीस वर्षांपूर्वी एका इंजेक्शननंतर अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. मेडिकलमधून पट्टी हातात आल्यावर बाईंना ते आठवले. चष्मा लावून त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. ‘पेनिसिलिन’ हा शब्द कुठेच नाही. त्या निर्धास्त झाल्या.

पण ती पट्टी पेनिसिलिनचीच होती.

दाताच्या, घशाच्या आणि सायनसच्या दुखण्यात आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ‘सहाशे पंचवीस’च्या गोळीची ही गोष्ट आहे. ही गोळी अनेक कंपन्या बनवतात आणि प्रत्येकीचे नाव वेगळे असते. त्यांतले सर्वांत ओळखीचे नाव ऑगमेंटिन. त्या नावात पेनिसिलिनचा मागमूसही नाही. खरी माहिती पट्टीच्या मागे इंग्रजीत असते. तिथे आधी औषधाचे मूळ नाव येते: अ‍ॅमॉक्सिसिलिन अँड पोटॅशियम क्लॅव्ह्युलनेट टॅब्लेट्स आयपी. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, भारताची अधिकृत औषधसंहिता. त्याखाली ‘प्रत्येक गोळीत काय आहे’ हे सांगणारा बारीक अक्षरांतला मजकूर असतो: अ‍ॅमॉक्सिसिलिन 500 मिलिग्रॅम, क्लॅव्ह्युलनिक अ‍ॅसिड 125 मिलिग्रॅम. दोन्हींची बेरीज 625. गोळीच्या नावापुढचा आकडा असा तयार होतो. त्यातले पाचशे मिलिग्रॅम पेनिसिलिनच्या कुटुंबातले आहेत.

हे ओळखायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही, नावाची शेपटी पाहावी लागते. औषधांच्या मूळ नावांची जागतिक पद्धत जागतिक आरोग्य संघटना सांभाळते. एका कुटुंबातल्या औषधांच्या नावात एक ठरावीक तुकडा ठेवायचा, असा तिचा नियम आहे. पेनिसिलिन कुटुंबाचा तुकडा नावाच्या शेवटी येतो: ‘सिलिन’. इंग्रजीत सी, आय, डबल एल, आय, एन. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सॅसिलिन, रुग्णालयात शिरेतून दिले जाणारे पायपरॅसिलिन, या सगळ्यांना तीच शेपटी आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या मधल्या भागात काही पट्ट्यांवर आय असतो, काहींवर वाय. शेपटी मात्र बदलत नाही. ‘मायसिन’ ही शेपटी वेगळी आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही पेनिसिलिन नव्हेत. उच्चार जवळचा वाटला तरी घराणे दुसरे आहे, म्हणून अक्षरे नीट पाहायची.

शेपटी नजरेआड होण्याच्या दोन जागा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे जोडनाव. डॉक्टरांच्या चिठ्ठीत किंवा डिस्चार्ज कार्डावर ‘को-अ‍ॅमॉक्सिक्लाव्ह’ असे लिहिलेले असते. त्यात सिलिन उरतच नाही, ‘अ‍ॅमॉक्सि’ एवढाच धागा हाती लागतो. दुसरी जागा म्हणजे किट. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूवर तीन औषधे एकत्र मिळतात: एक आम्ल कमी करणारे, एक क्लॅरिथ्रोमायसिन आणि तिसरे बहुधा अ‍ॅमॉक्सिसिलिन. पेशंटच्या मनात ते ‘अ‍ॅसिडिटीचे पाकीट’ असते. त्यात अँटिबायोटिक असेल, तेही पेनिसिलिन, अशी शंकाही येत नाही.

पट्टीवरची लाल उभी रेघ पाहून काही जण समाधान मानतात. ती रेघ एवढेच सांगते की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. अ‍ॅलर्जीशी तिचा संबंध नाही. 2018 पासून मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन टप्पे मोठ्या अक्षरात छापायचा नियम आहे, आणि तो ग्राहकाच्या कामाचा आहे. मात्र तीन किंवा अधिक औषधांच्या मिश्रणांना त्यातून सूट आहे. शिवाय रंगाने आणि जागेने ब्रँडच उठून दिसतो. डोळा तिकडे जातो, म्हणून मुद्दाम दुसरीकडे न्यावा लागतो.

पेनिसिलिनची शेजारीण म्हणजे ‘सेफ’ने सुरू होणारी औषधे: सेफिक्झिम, सेफ्युरॉक्झिम, सेफॅलेक्सिन. पूर्वी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांना ही सगळीच वर्ज्य मानत. आता चित्र बरेच स्पष्ट आहे. दोन्ही औषधे चालतच नाहीत असे लोक थोडे असतात, आणि धोका बहुतेकदा रेणूच्या बाजूच्या साखळीवर अवलंबून असतो. सेफॅलेक्सिनची साखळी अ‍ॅम्पिसिलिनसारखीच आहे, सेफॅड्रॉक्सिलची अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी. म्हणून या दोघींबाबत जास्त सावध राहतात. ‘सेफ’ दिसले की औषध फेकायचे नाही आणि घ्यायचेही नाही. डॉक्टरांना फोन करून जुन्या अ‍ॅलर्जीची आठवण द्यायची.

सल्फाचा प्रकार उलटा आहे. तिथे तुकडा नावाच्या सुरुवातीला असतो, आणि अडचण कमी ओळखण्याची नसून चुकीचे ओळखण्याचीही असते.

सल्फाचे आजही वापरात असलेले मुख्य औषध म्हणजे को-ट्रायमोक्साझोल. त्यात सल्फामेथॉक्साझोल आणि ट्रायमेथोप्रिम असतात. ‘डीएस’ लिहिलेल्या गोळीत अनुक्रमे 800 आणि 160 मिलिग्रॅम. सेप्ट्रान आणि बॅक्ट्रिम ही त्याची जुनी नावे, आणि ‘को-ट्रायमोक्साझोल’ या जोडनावातही सल्फा नाही. मागच्या मजकुरात तो सापडतो, पण स्पेलिंग दोन तऱ्हांचे असते: एस-यू-एल नंतर कधी एफ, कधी पीएच. एफ शोधणाऱ्याच्या नजरेतून पीएच निसटतो.

सल्फा फक्त गोळीत नसतो. भाजल्यावर लावायच्या पांढऱ्या मलमाची ट्यूब अनेक घरांत पडून असते. तिच्यावर ‘सिल्व्हर सल्फाडायझिन’ असते. मलमच तर आहे, असे म्हणून ते लावले जाते, पण भाजलेल्या कातडीतून औषध शरीरात शिरते. आतड्याच्या आणि सांध्यांच्या आजारात वर्षानुवर्षे चालणारे सल्फासॅलॅझिन, डोळ्यांत घालायचे सल्फासिटामाइडचे थेंब, मलेरियाच्या मिश्रणातले सल्फाडॉक्सिन, ही सगळी त्याच घरातली.

आता चुकीची ओळख. दम्याच्या पंपावर ‘सालब्युटामॉल सल्फेट’ असते, रक्तवाढीच्या गोळीवर ‘फेरस सल्फेट’. फाइलवर ‘सल्फाची अ‍ॅलर्जी’ असलेला माणूस हे वाचून घाबरतो. दम्याचा पेशंट ऐन धापेत पंप हातावेगळा करतो, हे फार घातक आहे. सल्फेट हा एक क्षार आहे. सल्फा औषधाच्या अ‍ॅलर्जीशी त्याचा संबंध नाही. खरजेच्या मलमातले सल्फर म्हणजे गंधक, तेही वेगळे. काही औषधांत आणि खाद्यपदार्थांत टिकण्यासाठी घातलेल्या सल्फाइटचा काही जणांना त्रास होतो, पण ती स्वतंत्र तक्रार आहे. सल्फ- पुढे काय आले ते वाचायचे: ‘एट’ आले तर तो क्षार, ‘आइट’ आले तर टिकवण्याचे द्रव्य, आणि ‘डायझिन’ किंवा ‘मेथॉक्साझोल’ आले तर थांबायचे.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडमध्ये, लघवी वाढवणाऱ्या फ्युरोसेमाइडमध्येही रासायनिकदृष्ट्या सल्फोनामाइड असते, जरी नावात ते दिसत नाही. पण सल्फा अँटिबायोटिकचा जो भाग अ‍ॅलर्जीला बव्हंशी कारणीभूत मानतात, तो या औषधांत नाही. 2003 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासातही या दोन गटांत खरी ‘आडवी’ अ‍ॅलर्जी आढळली नाही. अशा माणसांना एकूणच औषधांची अ‍ॅलर्जी होण्याचा कल असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून मधुमेहाची किंवा हृदयाची चालू गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांच्या कानावर घालावे.

वेदनाशामकांत सामाईक शेपटी नेहमी मिळत नाही. आयब्युप्रोफेनचे ‘प्रोफेन’, डायक्लोफिनॅक आणि अ‍ॅसेक्लोफिनॅकचे ‘फिनॅक’ ओळखता येते, पण अ‍ॅस्पिरिनला अशी खूण नाही. आणि अ‍ॅस्पिरिनने दमा उफाळणाऱ्या माणसाला ही बाकीचीही सहसा सोसत नाहीत. तिथे नावांची यादी खिशात हवी.

दाढेच्या बाईंकडे परत जाऊ. त्यांनी मेडिकलवाल्याला विचारले असते, ‘दादा, यात पेनिसिलिन आहे का?’ तर उत्तर कदाचित ‘नाही’ असे आले असते, कारण समोरच्यानेही शब्दच शोधला असता. ‘यात काय काय आहे ते वाचून दाखवा, मला पेनिसिलिन चालत नाही,’ असे म्हटले की मागची ओळ वाचावी लागते. औषध बदलायचे ते मात्र लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच.

आणि चुकून गोळी घेतलीच गेली तर? पेनिसिलिनची तीव्र अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत ते तासाभरात दिसते: गांधी, ओठ-जीभ सुजणे, श्वास अडकणे, चक्कर. तेव्हा 108 ला फोन करायचा, वाट पाहायची नाही. सल्फाचे गंभीर त्रास मात्र उशिरा येतात, कधी आठवड्याने, कधी दोन-तीन आठवड्यांनी. ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग, कातडी सोलल्यासारखी होणे. तोवर गोळ्या संपलेल्या असतात आणि घरच्यांना त्यांची आठवणही राहत नाही. अशा वेळी गेल्या महिन्यात घेतलेली प्रत्येक पट्टी घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

फाइलवरची लाल शाईही तपासून घेण्यासारखी आहे. ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असे लिहिलेल्या बहुसंख्य लोकांना तपासणीअंती ते औषध चालते असे दिसते. लहानपणी विषाणूच्या तापात उठलेले पुरळ औषधाच्या माथी मारलेले असते, किंवा खरी अ‍ॅलर्जीही वर्षांनुवर्षांत ओसरते. पण हे अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी ठरवायचे असते, घरी एक गोळी घेऊन नव्हे. त्यांना उपयोग होतो तो नुसत्या शब्दाचा नाही. कोणते औषध, घेतल्यावर किती वेळाने, नेमके काय झाले, कोणत्या साली, एवढे चिठ्ठीवर हवे.

शेवटी एक सवय आपल्या हातातली आहे. पाचच गोळ्या हव्या असल्या की काउंटरवर कात्रीने पट्टी कापली जाते, आणि मूळ नाव अनेकदा दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहते. ज्यांच्या घरात कुणाला अ‍ॅलर्जी आहे त्यांनी कात्री चालण्याआधी अख्खी पट्टी हातात घ्यावी, मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढावा आणि अक्षरे मोठी करून तिथेच वाचावीत.