नजरगहाण सुटल्याचं पत्र

संपादकांनी मला पाठवलं होतं ते एका बँक शाखेच्या पन्नाशीवर लिहायला. सांगली भागातलं तालुक्याचं गाव, बाजारपेठेत भाड्याच्या माडीवर १९७५ साली उघडलेली शाखा. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत शाखा निघत गेल्या, त्यातलीच ही एक. आधी उसाची आणि विहिरीची कर्जं, मग संगणक, मग २०१५ पासून मुद्रा योजना. हा सगळा इतिहास वीस मिनिटांत वहीत उतरला.

चहा येईपर्यंत माझं लक्ष शाखेच्या साहेबांच्या टेबलावरच्या एका कागदाकडे गेलं. साधं पत्र होतं, पण त्यातली तीन वाक्यं लाल शाईनं खोडलेली होती. आभाराच्या पत्रात एवढी खाडाखोड कशाची, असं मी विचारलं. साहेब मूळचे वर्ध्याचे, मोजकं बोलणारे. त्यांनी कागद उलटा केला, कोणाला तरी फोन लावला, "मावशी, तुमच्या पत्राबद्दल एक पत्रकार विचारताहेत, दाखवू का?" म्हणाले, आणि होकार आल्यावरच कागद सुलटा केला. तेव्हाही नाव अंगठ्याखाली झाकलेलंच होतं. पन्नाशीचा लेख तिथेच मागे पडला.

पत्र ज्यांना जायचं होतं त्या बाईंचा गावात मिरची कांडपाचा धंदा. या भागात लाल तिखटाला चटणी म्हणतात आणि फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत चटणी कुटून घ्यायला रांगा लागतात. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, ज्याच्या त्याच्या घरच्या मापानं. या चार महिन्यांत वर्षाची कमाई होते. पाऊस सुरू झाला की मिरची दमट होते, गिऱ्हाईक आटतं आणि गिरणी जोंधळ्याच्या किरकोळ दळणावर तग धरते.

त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या कांडप यंत्रासाठी १ लाख २० हजारांचं कर्ज घेतलं. व्याज १२ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता ३,९८६ रुपये. पहिल्या हप्त्यातले १,२०० रुपये व्याजात गेले आणि उरलेले मुद्दलात. मुद्दल उतरतं तसं व्याज कमी होतं, म्हणून सुरुवातीचे हप्ते व्याजानं जड असतात आणि शेवटचे हलके. ५ जून २०२५ ला बाविसावा हप्ता गेला तेव्हा मुद्दल उरलं होतं ५१,८२९ रुपये. उरलेले चौदा हप्ते तसेच भरले असते तर बँकेला साधारण ५५,८०० रुपये मिळाले असते. म्हणजे मुदतीपूर्वी फेडून बाईंचे वाचले चार हजारांच्या आत. तीन वर्षांच्या एकूण साडेतेवीस हजार व्याजातलं साडेएकोणीस हजार व्याज त्या आधीच भरून बसल्या होत्या.

मी म्हटलं, मग एवढी घाई कशाला? हा प्रश्न साहेबांनीही त्यांना विचारला होता, आणि जरा कडक शब्दांत. हातातली सगळी रोकड कर्जात घालायची आणि श्रावणात मिरची भरायला सावकाराकडे महिना पाच टक्क्यांनी हात पसरायचा, तर वाचलेले चार हजार दोन महिन्यांत गेले. बाईंनी उत्तर दिलं ते मी गिरणीत जाऊन त्यांच्याच तोंडून ऐकलं.

"आवं, पावसाळ्यात हप्त्याची पाच तारीख आली की पोटात गोळा यायचा. उन्हाळ्यात पैसा असतोय, पर हप्ता बारा म्हैने सारखाच. मागल्या दोन पावसाळ्यांत गळ्यातलं ठेवून हप्ता भरला. आता मिरचीचे पैसे बाजूला काढले, आन् उरलेलं टाकून मोकळी झाले."

म्हणजे मुदतीपूर्वीची ही फेड व्याज वाचवायला नव्हतीच. कमाई हंगामी आणि हप्ता मासिक, ही जी मूळची विजोड गाठ होती, ती त्यांनी आपल्या हातानं सोडवली होती. साहेबांनीही ते मान्य केलं. अर्ज आला तेव्हाच्या अधिकाऱ्यानं उन्हाळ्यात मोठा आणि पावसाळ्यात लहान असा हप्ता बांधून दिला असता, तर दागिने दोनदा गहाण पडले नसते.

कर्ज बंद करण्याच्या दिवशीही एक अडचण निघालीच. १७ जूनला बाई मोबाइलवर दिसलेली बाकी मोजून ५१,८२९ रुपये घेऊन आल्या. पण व्याज रोज चढतं. त्यांच्या बाकीवर दिवसाला सतरा रुपये, म्हणजे पाच तारखेपासून बारा दिवसांचे २०४ रुपये आणि काही पैसे. काउंटरवरच्या क्लार्कनं पैसे भरून घेतले असते आणि हप्ता कापण्याची सूचना बंद केली असती, तर त्या खात्यात दोनशे रुपये थकीत म्हणून लोंबकळत राहिले असते. नव्वद दिवस उलटले की असं खातं अनुत्पादित ठरतं आणि त्याची नोंद सिबिलला जाते. दोनशे रुपयांसाठी पत डागाळल्याची प्रकरणं क्लार्कनं पाहिली होती. त्यांनी आधी त्या दिवसाचा नेमका आकडा काढला, ५२,०३४ रुपये, आणि बाईंनी कमरेच्या बटव्यातून उरलेले काढून दिले. त्यानंतर खात्यावर शून्य दाखवणारा उतारा आणि बेबाकी दाखला हातात पडला. महिन्याभरानं सिबिलच्या अहवालात खातं 'बंद' असं दिसतंय ना, हे बघून घ्या, असंही त्यांना सांगितलं गेलं. तिथे 'तडजोड' असा शेरा पडला, तर पुढचा अधिकारी असं समजतो की यांनी पूर्ण पैसे भरलेच नाहीत.

त्यानंतर दोन दिवसांनी साहेब क्लार्कनं केलेल्या मसुद्यावरून आभाराचं पत्र लिहायला बसले. खोडलेल्या तीन वाक्यांची कहाणी अशी.

पहिलं वाक्य होतं, 'आपण पाठविलेल्या चारही महिला नियमित हप्ते भरत आहेत.' खरं तर बाईंच्या शिफारशीवरून चारजणींचे अर्ज आले, त्यातल्या दोघींनाच कर्ज मिळालं. क्लार्कच्या मसुद्यात उत्साहाच्या भरात चारही आल्या होत्या. पण साहेबांनी वाक्य खोडलं ते आकड्यासाठी नाही. कोण हप्ता भरतो आणि कोण नाही, हे बँकेनं तिसऱ्याला सांगायचं नसतं, शिफारस करणारी असली तरी.

दुसरं, 'आपल्या शिफारशीस यापुढेही प्राधान्य दिले जाईल.' असं लिहिलं की आभाराचं पत्र उद्या हुंडीसारखं फिरू लागेल. तिसरं, 'आपणास पुढील कर्ज तत्काळ मंजूर केले जाईल.' मंजुरी त्या वेळच्या अर्जावर होते, त्यामुळे आज असं वचन देण्याचा अधिकार साहेबांनाही नाही.

मग राहिलं ते एवढं:

"महोदया, मिरची कांडप यंत्रासाठी आपण घेतलेले १,२०,००० रुपयांचे मुदत कर्ज आपण १७ जून २०२५ रोजी, मुदतीच्या चौदा महिने आधी, व्याजासह पूर्ण फेडले. या खात्यात आपल्याकडून आता काहीही येणे नाही. यंत्रावरील बँकेचे नजरगहाण त्या दिवसापासून संपले आहे. आपण ओळखीच्या काही जणींना शाखेची माहिती दिलीत आणि कोणती कागदपत्रे आणावीत हे समजावून सांगितलेत. त्यांच्या फेऱ्या वाचल्या, आमचाही वेळ वाचला. याबद्दल शाखा आपली आभारी आहे. प्रत्येक अर्जाचा निर्णय त्या अर्जदाराच्या कागदपत्रांवरच होतो. त्यात आपल्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही."

शेवटची दोन वाक्यं आभाराला शोभत नाहीत, असं मी म्हणालो. साहेब हसले. "तीच तर त्यांच्यासाठी आहेत. शिफारस करणारा जामीनदार नसतो, हे बँकेच्या कागदावर कुठंतरी लिहिलेलं असावं."

शिफारशीचं महत्त्व साहेबांना कळलं ते एका नकारामुळे. बाईंनी एका शेजारणीबद्दल त्यांना सांगितलं होतं, "साहेब, तिला आत्ता नको. पोरीचं लगीन काढलंय, पैसा यंत्रात जायचा नाही." शाखेतल्या कुठल्याही तपासणीला हे दिसलं नसतं. नाही म्हणणाऱ्या माणसाच्या होकाराला किंमत येते. आणि हेही पत्रात लिहिता येत नाही.

पत्र पोचल्यावर काय झालं, हे बघायला मी जुलैत पुन्हा गेलो. बाईंनी पत्र लॅमिनेट करून गिरणीत वजनकाट्याच्या वर टांगलं होतं. बेबाकी दाखला घरी ट्रंकेत. दळण घेऊन आलेल्या बायका पत्र वाचतात आणि म्हणतात, "काकू, आमच्यासाठी बी एक शब्द टाका की." साहेबांनी जे वाक्य खोडलं, तेच लोक पत्रात वाचत होते.

सगळ्यात अवघड प्रकरण होतं नकार मिळालेल्या दोघींचं. एकीच्या नावावर गटकर्जाची जुनी थकबाकी निघाली, असं तिनंच पुढे बाईंना सांगितलं. दुसरीनं काहीच सांगितलं नाही. ती आता गिरणीवर येत नाही, दळण पलीकडच्या गल्लीत नेते. बाईंनी बँकेत जाऊन कारण विचारलं, तर साहेबांना तेही सांगता येईना. गुप्ततेचा जो नियम हप्ते भरणाऱ्यांना झाकतो, तोच नकारालाही झाकतो, आणि मधे उभ्या असलेल्या माणसाचं तोंड काळं होतं. पत्रात 'जबाबदारी नाही' असं लिहिलेलं असलं तरी शेजारीण ते कशाला वाचेल?

दरम्यान एक दलाल येऊन गेला. तुम्ही फक्त नावं द्या, प्रत्येक प्रकरणामागे हजार रुपये, बँकेत माझी ओळख आहे. बाईंनी त्याला चटणीच्या धुराळ्यात पाच मिनिटं उभं केलं आणि तो आपणच खोकत निघून गेला. पण साहेबांना ही बातमी लागली तेव्हा ते सुन्न झाले. शिफारशीला पैसा चिकटला की नाही म्हणणारं तोंड पहिल्यांदा गप्प होतं, आणि साहेबांना हवं होतं ते नेमकं तेच तोंड.

शिवाय शाखेचंही गणित आहे. मुदतीपूर्वी बंद झालेलं खातं म्हणजे थकबाकी शून्य, पण चालू कर्जांच्या आकड्यातही तेवढी घट. काही ठिकाणी अशा फेडीवर आकारही लावत. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या व्यवसायकर्जांवर व्यक्तींकडून आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून तो घ्यायला रिझर्व्ह बँकेनं बहुतेक व्यापारी बँकांना मनाई केली आहे. बाईंच्या मंजुरीपत्रात तो मुळातच नव्हता. साहेबांची बदली पुढच्या वर्षी ठरलेली. नवे येतील त्यांना खात्यावर 'बंद' एवढाच शेरा दिसेल. शेजारणीला नको म्हणणारी बाई त्यांना दिसणार नाही.

निघताना बाईंनी यंत्र दाखवलं. बाजूच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं बँकेचं नाव आणि 'नजरगहाण' अशी अक्षरं होती, ती त्यांनी पात्यानं खरवडली होती. रंग गेला होता, पण खालचा पत्रा अक्षरांपुरता जरा जास्त चकाकत होता, त्यामुळे शब्द अजून वाचता येत होता. वरून नवा रंग देणार का, म्हणून विचारलं.

"आता काय नको," त्या म्हणाल्या. "येणारीला दाखवते. कर्ज कसं मिळतंय ते साहेबाला विचार म्हणते. मी एवढंच सांगते, हप्ता बांधताना पावसाळ्याचं आधी बोलून घे."

पत्र वर टांगलेलंच होतं. त्यावर तांबूस धूळ साचली होती.