फाटकाबाहेर पडल्यावरच्या चार ओळी

शेतीवर लिहीत असल्यामुळे माझं ओळखी होणं रोजचंच आहे. ओळख टिकते ती मात्र दुसऱ्या भेटीत. म्हणून निरोप घेऊन फाटकाबाहेर आलो की गाडी सुरू करण्याआधी मी चार ओळी लिहितो. घरी जाऊन लिहू म्हटलं तर माणूस ढोबळ आठवतो, पण त्याचे शब्द गेलेले असतात.

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराला भेटून आल्यावरचं हे टिपण पाहा: ‘दोन एकर थॉमसन. गोडी छाटणी 12 ऑक्टोबर. “पाऊस लांबला तर डाऊनी गाठणार.” आईंचा गुडघा, ऑपरेशनचं ठरत नाही. धाकटी नीटची तयारी करतेय. मी फवारणीचं वेळापत्रक पाठवायचं.’

यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे छाटणीची तारीख. थॉमसनचा माल छाटणीपासून साधारण चार-सव्वाचार महिन्यांनी तोडणीला येतो, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य. पुढचा फोन कधी करायचा, हे त्या टिपणातच आलं. शेवटची ओळही तितकीच महत्त्वाची. आपण दिलेला शब्द लिहिला नाही, तर पुढचं बोलणं सबबीनेच सुरू होतं.

लिहिताना माझ्याकडून एक चूक बरीच वर्षं होत होती. ‘माणूस जरा तुसडा’ असं मी लिहून ठेवायचो. त्या दिवशी पंप जळाल्यामुळे तो वैतागलेला असायचा, आणि मी मात्र पुढच्या वेळी बिचकतच जायचो. आता स्वभावावर शेरा मारत नाही. तो काय म्हणाला, तेवढंच लिहितो.

टिपण वहीत हरवू नये म्हणून ते फोनमधल्या त्याच्या नावाखालीच, तारखेसह ठेवतो. विश्वासाने सांगितलेलं कर्ज किंवा घरातलं भांडण तिथे जात नाही. फोन दुसऱ्याच्याही हाती पडतो.

अमेरिकेत 1932 साली रूझवेल्ट यांच्या प्रचाराची सूत्रं सांभाळणारे जेम्स फार्ली भेटलेल्या माणसांची अशीच टिपणं ठेवत. तिथल्या राजकारणात त्यांना आजही ‘फार्ली फाईल’ म्हणतात.

पण चार महिन्यांपूर्वीची ओळ आज खरी असेलच असं नाही. ‘आईंचं ऑपरेशन छान झालं ना?’ असं विचारलं आणि काही वाईट घडलेलं असलं, तर समोरच्याला ते फोनवर सांगावं लागतं. म्हणून मी ऐकलेलं तेवढंच पुढे करतो. आणि टिपणातलं सगळं एका दमात विचारत नाही. तसं केलं की माणसाला चौकशी चालल्यासारखं वाटतं.

फेब्रुवारीत फोन लावला. “दादा, तोडणी सुरू झाली का? मागे तुम्ही आईंच्या गुडघ्याचं बोलला होता.” मग ते स्वतःच बोलत राहिले. फोन ठेवल्यावर जुन्या ओळींखाली लिहिलं: ‘पहिली तोड 13 फेब्रुवारी. डाऊनी आटोक्यात. ऑपरेशन आईंनीच नको म्हटलं. मुलीचा पेपर मे महिन्यात.’