शुगर कमी झाली तर?

“आजींची शुगर कमी झाली तर काय कराल?” मी विचारलं.

“चांगलंच की ताई, औषध लागू पडलं म्हणायचं,” मावशी म्हणाल्या.

हे वाक्य ऐकलं आणि मी आदल्या रात्री केलेलं भाषांतर बाजूला ठेवून नव्याने लिहायला बसले. कोथरूडच्या या घरात ७९ वर्षांच्या आजींना मधुमेह आहे आणि थायरॉइडचाही त्रास आहे. मुलगा परदेशी परत निघाला होता. दिवसभर सोबत राहणाऱ्या मावशींसाठी त्याने डॉक्टरांना विचारून दोन पानांची इंग्रजी टिपण तयार केली होती. मावशी सातवी शिकलेल्या, मराठी अडखळत का होईना वाचणाऱ्या. मी शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. पण ‘शुगर कमी होणे’ हे आपल्याकडे घरोघरी आनंदाने सांगितलं जातं. धोक्याची खूण म्हणून तेच शब्द वापरले, तर ऐकणाऱ्याला धोका कळणार कसा?

म्हणून आकड्याच्या आधी जे डोळ्यांना दिसतं ते लिहिलं. ‘आजींना अचानक घाम फुटला, हात थरथरले, त्या असंबद्ध बोलू लागल्या किंवा उगाच चिडल्या, तर लगेच मशीनवर शुगर बघा. ७० पेक्षा कमी आली तर ती धोक्याची आहे. मशीन सापडत नसेल तर शोधत बसू नका, साखर द्या.’ साखर किती, हेही हवंच. चहाचे तीन चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढीच पुन्हा द्यायची. बरं वाटल्यावर पोळी किंवा भात खाऊ घालायचा आणि डॉक्टरांना कळवायचं, कारण आजींच्या गोळीचा असर बराच वेळ राहतो आणि शुगर पुन्हा उतरू शकते. एक ओळ मी ठळक केली: आजी हाकेला ओ देत नसतील, त्यांना गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. घाबरलेला माणूस पहिल्यांदा पाणीच पाजायला जातो आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

शुगर उतरवणारी ही गोळी ग्लिमेपिराइडची. इंग्रजीत तिच्यापुढे लिहिलं होतं की जेवण चुकलं तर ती ‘होल्ड’ करा. मी लिहिलं होतं, ‘गोळी थांबवा’. मावशींनी विचारलं, “कायमची?” प्रश्न रास्त होता. मग वाक्य असं झालं: ‘ही गोळी नाश्ता समोर ठेवल्यावरच द्यायची. आजी नाश्ता करत नसतील तर त्या दिवशी देऊ नका, मला फोन करा. दुसऱ्या दिवशी नाश्ता करत असतील तर नेहमीसारखी द्या.’ तेवढ्यात मावशींनी सांगितलं, आजी एकादशीला सकाळपासून फक्त पाणी पितात. मुलाच्या दोन पानांत हे कुठेच नव्हतं. त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना विचारून उपवासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक घेतलं.

मेटफॉर्मिनपुढे १-०-१ होतं. ते मावशी एकशे एक वाचत होत्या. तिथे ‘सकाळी नाश्त्यानंतर एक, रात्री जेवणानंतर एक, दुपारी नाही’ असं सरळ लिहिलं. थायरॉइडच्या गोळीला ‘उपाशीपोटी’ पुरेसं नव्हतं, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे, असंच बहुतेकांना वाटतं. तिथे ‘उठल्यावर पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही’ असं केलं. गोळ्यांच्या रंगांवर मात्र मी विसंबले नाही. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली की गुलाबी गोळी पांढरी होते. रिकाम्या पट्टीचा नाव छापलेला तुकडा त्या त्या ओळीसमोर चिकटवला. नवी पट्टी आली की नाव अक्षर लावून जुळवायचं आणि जुळलं नाही तर देण्याआधी विचारायचं.

‘हलका आहार’ हेही असंच फसवं. मावशींच्या गावी हलकं म्हणजे साबुदाण्याची लापशी, आणि ती पचायला हलकी असली तरी शुगर झपाट्याने चढवते. तिथे आजींच्या ताटाचंच वर्णन केलं: दोन लहान पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, भात अर्धी वाटीच.

शेवटी पुन्हा विचारलं. ‘समजलं का?’ असं नाही, कारण त्याला उत्तर नेहमी ‘हो ताई’ असतं. “आजींना घाम फुटलाय, हात थरथरतायत. करून दाखवा.” मावशी उठल्या, कपाटातून मशीन काढलं आणि मग थबकल्या. साखरेचा डबा माळ्यावर होता. आजींच्या हाती लागू नये म्हणून मुलानेच तो वर ठेवला होता. मी टिपणीत एक ओळ वाढवली: साखरेची लहान बरणी मशीनशेजारी.