पथ्य लांबतं, विश्रांती आखडते

टायफॉइडचा ताप उतरला की आपल्या घरांत दोन चुका एकदम होतात आणि त्या एकमेकींच्या उलट्या असतात. जेवणाच्या बाबतीत माणसाला महिनाभर पेज-साबुदाण्यावर ठेवलं जातं. कामाच्या बाबतीत मात्र ‘ताप नाही ना, मग जा’ म्हणून आठवड्यातच बाहेर काढलं जातं. खरं तर आतडं बरं व्हायला तुलनेनं कमी वेळ लागतो, स्नायू भरून यायला जास्त. आपण नेमकं उलटं वागतो, आणि मग दोन महिने झाले तरी अंगात त्राण का नाही म्हणून टॉनिकच्या बाटल्या आणतो.

आधी आतड्याचं पाहू. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ठाण मांडतात. तिथे आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके असतात. ते सुजतात आणि दुखणं लांबलं तर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास तिथे व्रण पडतात. त्या जागी भिंत पातळ झालेली असते. तिच्यातून रक्त जाऊ शकतं, क्वचित ती फुटतेही. आजोबा-पणजोबांच्या काळात, अँटिबायोटिक नव्हती तेव्हा, हा ‘मुदतीचा ताप’ तीन-चार आठवडे चालायचा आणि या फुटण्याचीच सगळ्यांना धास्ती असायची. पथ्याची कडक शिस्त त्या भीतीतून आली आहे. ती निराधार नव्हती. पण आज पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच योग्य औषध सुरू झालं, तर बहुतेकांचं आतडं तिथवर पोचतच नाही.

उपाशी ठेवण्याचा तोटा वैद्यकाला फार पूर्वी कळला होता. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी एकोणिसाव्या शतकातच तापाच्या रुग्णांना खायला घाला असा आग्रह धरला होता. पुढे १९१० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वॉरन कोलमन यांनी टायफॉइडच्या रुग्णांना दूध, साय, अंडी, साखर असा भरपूर उष्मांकांचा आहार दिला आणि त्यांचं खंगणं आटोक्यात ठेवता येतं हे दाखवलं. कारण साधं आहे. शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की शरीराचा खर्च साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे १०४ फॅरनहाइट तापात माणूस नुसता पडून असला तरी त्याचं शरीर जवळजवळ एक तृतीयांश जास्त इंधन जाळत असतं. त्यात तोंडाला चव नसते, पोटात काही जात नाही. मग हे इंधन येतं ते मांडी, दंड आणि पाठीच्या स्नायूंतून.

वर पडून राहण्यानं आणखी भर पडते. धडधाकट वयस्क माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळजवळ किलोभर मांस झडतं, असं एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं. ती माणसं आजारी नव्हती आणि जेवतही होती. मग ताप आणि उपास यांची जोड मिळाल्यावर काय होत असेल, याचा अंदाज करावा.

आता एक उदाहरण घेऊ. भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहून काम करणारा पस्तिशीचा माणूस धरा. वजन ६२ किलो होतं. ताप आला, आठव्या दिवशी रक्ततपासणीत टायफॉइड ठरला, औषध सुरू झालं आणि पाचव्या दिवशी ताप गेला. टायफॉइडचा ताप योग्य औषधानंही लगेच उतरत नाही, चार-सहा दिवस घेतो, हे इथेच सांगून ठेवतो. नाहीतर लोक तिसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलतात. आता वजन भरलं ५६. जिना चढताना मांड्या थरथरतात.

पहिले तीन-चार दिवस त्याला मऊ भात, मुगाचं वरण, त्यावर तूप, ताक, पिकलं केळं असं थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी द्यावं. पूर्ण ताट वाढलं तर ते पाहूनच त्याला नको वाटतं. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर काही दिवस दही-ताकावर भागवावं. आतड्याला सूज असताना दूध पचवणारा रस कमी पडतो, पुढे तो भरून येतो. मेतकूट-भात चालेल, लोणच्याची फोड नुसती चवीला चाटायला दिली तरी आभाळ कोसळत नाही. ठेचा, तळण, कच्ची कोशिंबीर, कोंडा न चाळलेली भाकरी एवढं मात्र लांब ठेवावं.

खरी अडचण यानंतर सुरू होते. भूक परतते, आणि ती टायफॉइडनंतर चांगली कडकडून लागते, पण घरचे पेजेवरून पुढे सरकत नाहीत. पेजेच्या वाटीत प्रथिनं जेमतेम एक-दोन ग्रॅम असतात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. झडलेलं मांस परत यायला या माणसाला दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतील. वजनाच्या दर किलोला सव्वा ते दीड ग्रॅम असा हा हिशेब आहे. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो लागू नाही, डॉक्टरांना विचारावं.) दोन उकडलेली अंडी बारा ग्रॅम देतात. घट्ट वरणाच्या दोन वाट्या साधारण तेवढंच. दीड पेला दूध किंवा तितकं दही दहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांचं कूट सात, आणि दिवसभरातल्या पोळ्या-भातातून वीसेक. त्यात माशाचा किंवा चिकनचा एक तुकडा, नाहीतर थोडं पनीर घातलं की आकडा भरतो. यातली एकही गोष्ट महागड्या डब्यातून येत नाही.

म्हणून ताप जाऊन चार-पाच दिवस झाले की अंडं आणि फुलका ताटात यायला हवा. दुधी, लाल भोपळा, पडवळ यांच्या मऊ भाज्या यायला हव्यात. दुसऱ्या आठवड्यात शिजवलेले मूग, मासा, चिकन. तिसऱ्या आठवड्यात घरचं नेहमीचं जेवण, फक्त तिखट जरा बेतानं. पुढच्या पायरीवर जायचं की नाही हे पोटच सांगतं. जड वाटलं, गुबारा धरला, जुलाब झाले तर दोन दिवस मागे यावं आणि पुन्हा पुढे जावं. शौचाला होत नसेल तर कोमट पाणी, पिकलं केळं, पपई यांच्यावर भागवावं. एरंडेल किंवा जोराचं रेचक या काळात घेऊ नये. नाजूक झालेल्या आतड्याला असा पिळा देणं धोक्याचं आहे. आणि ज्यांना आजारात आतड्यातून रक्त गेलं किंवा शस्त्रक्रिया झाली, त्यांनी हे वेळापत्रक वापरू नये. त्यांचं पथ्य त्यांच्या सर्जननं ठरवायचं.

‘ताकदीचं सलाईन’ लावून घेणाऱ्यांसाठी एक हिशेब. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे साखरेचे पाच लहान चमचे आणि बाकी पाणी. ज्याला उलट्या होताहेत, तोंडानं पाणी ठरत नाही, त्याला सलाईन लागतंच. जो बसून जेवतोय त्याला तूप लावलेली एक पोळी त्याहून कमी देत नाही, आणि तिच्यात थोडी प्रथिनंही असतात.

मात्र नुसत्या खाण्यानं स्नायू बनत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं. विश्रांती हवीच, पण ती चोवीस तास लोळण्याची नको. आपल्या लेथवाल्यानं ताप गेल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जेवायला उठून बसावं. पलंगावरून उठताना आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसावं, नाहीतर चक्कर येते आणि न्हाणीघरात पडायला होतं. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं चालावं, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठबस करावी. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं बाहेर, शेवटी एक जिना. झेपलं की नाही याची परीक्षा त्याच वेळी होत नाही, ती दुसऱ्या दिवशी सकाळी होते. जाग आल्यावर अंथरुणातच पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. नेहमीपेक्षा दहा-बारा ठोके जास्त असतील किंवा अंग ठणकत असेल, तर काल जास्त झालं. त्या दिवशी निम्मंच करावं. थोडं चाललं तरी धाप लागणं, छातीत धडधडणं, पायांवर सूज येणं मात्र साध्या अशक्तपणात बसत नाही. टायफॉइडमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावं.

कामाचं ढोबळ गणित माझ्या मते असं आहे: टेबलावरचं काम ताप गेल्यावर दोन आठवड्यांनी, उभ्याचं, ओझ्याचं किंवा यंत्रावरचं चार आठवड्यांनी. लेथवर घेरी येणं म्हणजे हात जाणं. तो माणूस तीसेक मिनिटं न थांबता चालू शकला, दोन जिने चढून बोलू शकला आणि दुसऱ्या दिवशी ताजा उठला, तर रुजू व्हायला हरकत नाही. पहिला आठवडा अर्धी पाळी मिळाली तर उत्तम, पण ओव्हरटाइम आणि रात्रपाळी नक्कीच नको. अशा कामगाराचा राज्य विमा, म्हणजे ईएसआय, कापला जात असेल तर ठरावीक अटींवर आजारपणात सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी रजेचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरांकडून वेळेत घ्यावा लागतो. बरेच जण तो घ्यायचं विसरतात आणि बिनपगारी रजेच्या धाकानं लवकर हजर होतात. रोजंदारीवरच्या माणसाला हा आधारच नाही. त्याला चार आठवडे थांब म्हणणं मलाही जड जातं. त्यानं निदान मुकादमाकडून पहिले दिवस बसून करायचं काम मागून घ्यावं.

टायफॉइड उलटतो, आणि तो बहुधा ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे नेमका कामावर परतायच्या सुमारास. बरं वाटताच गोळ्या सोडणाऱ्यांना हा धोका जास्त. म्हणून महिनाभर घरात थर्मामीटर असावा आणि संध्याकाळी कणकण वाटली तर अंदाज न करता ताप मोजावा. पुन्हा ताप, अचानक पोटात तीव्र कळ, पोट ताठ होणं, डांबरासारखी काळी शौच, घाम फुटून गळून जाणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. पण ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला का’ म्हणून विडाल तपासणी पुन्हा पुन्हा करू नये. आजार गेल्यावरही ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकते आणि त्यावरून विनाकारण नवा औषधांचा कोर्स सुरू होतो.

खानावळीत, मेसमध्ये, वडापावच्या गाडीवर किंवा शाळेच्या खिचडीवर काम करणाऱ्यांना मात्र एक तपासणी खरंच लागते, ती शौचाच्या कल्चरची. काही थोड्या लोकांच्या पित्ताशयात जंतू लपून राहतात. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण वर्षानुवर्षं ते शौचातून बाहेर पडत राहतात. औषध संपल्यानंतर काही दिवसांच्या अंतरानं दिलेले नमुने, सहसा तीन, स्वच्छ आले की मग स्वयंपाकाला हात लावावा. तोवर मालकानं अशा माणसाला गल्ल्यावर बसवावं.