अठरा जणांची बॅच

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या योगशिक्षकांचे फोन खणखणू लागतात. 21 तारखेला योग दिन, कंपनीला एक तासाचं सत्र हवं असतं. बॅनर तयार, टी-शर्ट छापलेले, सूर्यनमस्कार घालतानाचे फोटो कुणी काढायचे तेही ठरलेलं. 2015 साली पहिला आंतरराष्ट्रीय योग दिन झाला, तेव्हापासून हे ठरून गेलं आहे. 22 तारखेला सगळे आपापल्या खुर्चीत परत. त्या एका तासाचे पैसे मिळतात, ओळखही होते, पण वर्षभराचं काम त्यातून क्वचितच निघतं. वर्षभराचं काम मिळवायचं तर एचआर हेडसमोर वेगळी गोष्ट मांडावी लागते. ती म्हणजे छोटी, मुदतीची आणि पैसे घेऊन केलेली पायलट बॅच.

बहुतेक शिक्षक इथेच घसरतात. ते योगाचे फायदे सांगायला बसतात. एचआर हेडला योग चांगला आहे हे पटवायची गरजच नसते. बहुधा त्या स्वतः शनिवारी क्लासला जातात. त्यांची अडचण निराळी असते. फायनान्सच्या माणसाने विचारलं, “हे कशासाठी?”, तर त्याच्यासमोर ठेवायला त्यांच्याकडे काही नसतं. शिवाय कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमचा ब्रोकर पॉलिसीसोबत दोन-चार वेलनेस सत्रं अनेकदा फुकट देतो. तुमची खरी स्पर्धा त्या फुकट सत्रांशी असते, गल्लीतल्या दुसऱ्या योगवर्गाशी नव्हे.

म्हणून पहिल्या वीस मिनिटांच्या भेटीत आपण कमी बोलावं आणि विचारावं जास्त. “मॅडम, लोक कशाची तक्रार करतात? मानेची, झोपेची, की नुसती कामाची?” “हा खर्च कुठल्या हेडखाली जाईल, एंगेजमेंट की ट्रेनिंग?” आणि सर्वांत उपयोगाचा प्रश्न: “सहा आठवड्यांनी काय दिसलं तर तुम्ही पुढे चालू ठेवाल?” त्याचं उत्तर सहसा लगेच येत नाही. ते मिळेपर्यंत थांबावं, कारण पायलटचा सगळा आराखडा त्या उत्तरावरून उलटा मागे आखायचा असतो.

या भेटीत एक मोह आवरायला हवा, तो म्हणजे “मेडिक्लेमचा खर्च घटेल, रजा कमी होतील” असं सांगण्याचा. अमेरिकेत एका मोठ्या घाऊक दुकानसाखळीत याची रीतसर चाचणी झाली. सुमारे 33 हजार कर्मचारी, 160 ठिकाणं, त्यांतली 20 ठिकाणं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून तिथे वेलनेस कार्यक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. दीड वर्षानंतर लोक व्यायाम आणि वजनाकडे अधिक लक्ष देत असल्याचं स्वतः सांगत होते, पण तपासण्यांचे आकडे, गैरहजेरी आणि वैद्यकीय खर्च यांत म्हणावा असा फरक पडला नव्हता. इलिनॉय विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात आणखी एक गंमत दिसली. कार्यक्रमात आपणहून आलेल्यांचा औषधपाण्याचा खर्च मुळातच कमी होता. धडधाकट माणसं नाव नोंदवतात आणि मग त्यांच्या तब्येतीचं श्रेय कार्यक्रमाला मिळतं. वाचन असलेला फायनान्स मॅनेजर हे जाणतो. सहा आठवड्यांच्या योगाने विम्याचा हप्ता उतरेल असं सांगणाऱ्याची बाकीची वाक्यंही तो मग ऐकत नाही.

आता एक नमुना घेऊ. समजा, हिंजवडीतली साडेतीनशे माणसांची इंजिनिअरिंग डिझाइन कंपनी. मुलंमुली दिवसभर दोन स्क्रीनसमोर बसून ड्रॉइंग करतात, तक्रार मान आणि खांद्यांची. सोमवारी आणि शुक्रवारी अर्धं ऑफिस घरून काम करतं, म्हणजे मंगळवार आणि गुरुवार उरले. सकाळी वाकडचा ट्रॅफिक, त्यामुळे साडेआठचा वर्ग पहिल्या आठवड्यातच बारगळतो. संध्याकाळी साडेसहाला कंपनीची बस सुटते, आणि ती चुकली तर रिक्षाचे पैसे योगाच्या नावाने मोजले जातात. उरते सव्वाचार ते पाचची वेळ, चहाला लागून. बसचं वेळापत्रक मागून घेतल्याशिवाय वर्गाची वेळ ठरवू नये, असं मी तरी म्हणेन. अनेक वर्ग आसनांमुळे नव्हे, बसमुळे बंद पडतात.

जागाही डोळ्यांनी पाहून यावी. “आमची कॉन्फरन्स रूम मोठी आहे,” असं सांगतात आणि मधोमध जमिनीत घट्ट बसवलेलं टेबल निघतं. हात पसरून, कुशीवर वळून काम करायचं तर माणशी तीसेक चौरस फूट लागतात, म्हणजे अठरा जणांना साडेपाचशेच्या आसपास. खुर्च्या सरकवता येणारी ट्रेनिंग रूम चालते, पण त्या कुणी सरकवायच्या हे ॲडमिनशी आधी बोलून घ्यावं. मॅट कुठे ठेवायच्या आणि पुसायच्या कुणी, हेसुद्धा. जीन्स घालून आलेल्यांसाठी आणि साडीतल्या बायकांसाठी निम्मं सत्र खुर्चीवर आणि उभ्याने करता येईल असं आखलं, तर कपडे बदलायचा प्रश्नच मिटतो. ओंकार आणि मंत्र यांबद्दल एचआरला मनातून धाकधूक असते, पण त्या विचारत नाहीत. आपणच सांगून टाकावं की सत्र श्वास आणि सांध्यांच्या हालचालींचं असेल.

छत्तीस जणांनी नावं दिली असं धरू. पहिल्या अठरांना घेऊन मोकळं होऊ नये. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकाव्यात. अठरा जण आता, अठरा जण दुसऱ्या बॅचला. वशिल्याची कुजबुज त्याने थांबते, आणि मोठा फायदा असा की तुलना करायला माणसं मिळतात. छत्तीसही जण आपणहून आलेले, तेव्हा धडधाकट माणसं फक्त एका बाजूला जमली असं होत नाही. दोन्ही गटांनी एकच साधा फॉर्म पहिल्या दिवशी आणि सहा आठवड्यांनी भरायचा: गेल्या सात दिवसांत मान, खांदा, कंबर दुखली का, आणि त्यामुळे कामात अडथळा आला का. नॉर्डिक प्रश्नावली या नावाने हे प्रश्न कामाच्या ठिकाणच्या दुखण्यांसाठी बरीच वर्षं वापरात आहेत, आपण नवे शोधायची गरज नाही. फॉर्मवर नावाऐवजी नंबर टाकावा. कोणाची काय दुखणी आहेत हे एचआरच्या हाती जाणार नाही, हे लेखी दिलं तरच लोक खरं लिहितात.

रक्तदाब, स्लिप डिस्क, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण यांची माहिती मात्र वेगळ्या कागदावर, फक्त शिक्षकाकडे. रक्तदाब असलेल्या माणसाला ऑफिसात कपालभाती करायला लावून चक्कर आली, तर पायलट त्या दिवशी संपतो.

सुरू होण्यापूर्वी एचआर हेडच्या सहीने एक ओळ लिहून घ्यावी: “अठरापैकी किमान दहा जण बारापैकी आठ सत्रांना आले, तर दुसरी बॅच.” अशी रेघ आधी मारलेली नसली की शेवटी सगळे “छान झालं” म्हणतात आणि पुढे काही घडत नाही.

या नमुन्यात पहिल्या सत्राला सतरा जण येतात. तिसऱ्या आठवड्यात बारा-तेरा. चौथ्या आठवड्यात एकदम सात आणि सहा. नवखा शिक्षक इथे घाबरून वर्गात संगीत लावतो, पत्रकं वाटतो. खरं कारण वर्गाबाहेर असतं: त्या आठवड्यात ग्राहकाला ड्रॉइंग पाठवायची होती आणि एका टीम लीडने चारची मीटिंग साडेचारवर नेली. हजेरीचा कागद टीमप्रमाणे मांडला की हे लगेच कळतं, कारण गळालेले बहुतेक एकाच टीमचे असतात. त्या लीडशी एचआरने दोन मिनिटं बोललं की पाचव्या आठवड्यात पुन्हा अकरा-बारा दिसू लागतात. सगळ्याच टीममधून थोडे थोडे गळत असतील, तर मात्र दोष वर्गात आहे. सत्र फार अवघड आहे, किंवा फार कंटाळवाणं.

शेवटी हिशेब असा. बारा सत्रांना मिळून 145 हजेऱ्या. आठ किंवा जास्त सत्रांना आलेले अकरा जण, म्हणजे आखलेली रेघ ओलांडली. सत्राला 2,000 रुपये धरले तर 24,000 खर्च, हजेरीमागे 165 रुपये. हा आकडा फायनान्सला लगेच कळतो. मानदुखी सुरुवातीला अठरापैकी अकरा जणांना होती, शेवटी सहा जणांना. थांबलेल्या गटात सुरुवातीला दहा, शेवटी नऊ. यात मधूनच वर्ग सोडून गेलेल्यांचेही फॉर्म धरायचे. फक्त टिकलेल्या अकरांचे घेतले तर आकडा गोड दिसतो, पण ज्यांची मान वर्गातच जास्त दुखली ते सुटून जातात. अठरा माणसांवर टक्केवारी मांडू नये. “इतक्या लहान गटावरून हे सिद्ध होत नाही, पण दुसरी बॅच करण्याइतकं आहे,” असं अहवालातच लिहावं. आपली मर्यादा आपणच सांगणाऱ्या विक्रेत्यावर फायनान्सचा माणूस थोडा जास्त विश्वास ठेवतो.

अहवाल एका पानाचा, आणि तो योग्य महिन्यात पोचायला हवा. एप्रिल-मार्च वर्षाची कंपनी पुढच्या बजेटचे आकडे जानेवारी-फेब्रुवारीत गोळा करते. दिवाळी संपल्यावर सुरू केलेली बॅच नाताळच्या सुट्ट्या धरून जानेवारीत संपते, तेव्हा गणित जमतं. मार्चमधला अहवाल कोणी वाचत नाही. तेव्हा अप्रेझल चालू असतात. परदेशी मालकीच्या कंपनीचं वर्ष जानेवारीला सुरू होत असेल, तर हे सगळं तीन महिने अलीकडे ओढावं लागतं.

पायलट फुकट का करू नये, याचं कारण परचेस खात्यात सापडतं. फुकट सत्राला पीओ लागत नाही, म्हणून व्हेंडर कोडही निघत नाही. पुढे वर्षभराचं काम मंजूर झालं तरी कोड निघेपर्यंत पॅन, रद्द केलेला चेक, गोपनीयतेचा करार यांत दोन महिने जातात आणि तोवर एचआर हेडचा उत्साह ओसरतो, कधी एचआर हेडच बदलतात. पायलटचे पैसे घेतले की ही वाट आधीच मोकळी होते. 20 लाखांच्या आतली वार्षिक उलाढाल असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. उद्यम नोंदणी मात्र जरूर करावी. ती असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. उशीर झाला तर कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकराच्या हिशेबात धरता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर अकाउंट्समधून स्वतःहून फोन येतो. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा आणि पीओवर “90 दिवसांत पैसे” असं लिहून आलं, तर सही करण्याआधी ते बदलून मागावं.